छत्तीस जणांनी भरलं, पण भरलं किती?

सप्टेंबर आला की जालन्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा जिन्याखालच्या फलकावर लागू लागतात. कायद्याने ही सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी. सभेत खजिनदार उठतात आणि बहुधा एकच वाक्य बोलतात : ‘40 पैकी 36 जणांनी मेंटेनन्स भरला, एकूण 6 लाख 92 हजार जमा झाले, सर्वांचे आभार.’ टाळ्या पडतात आणि विषय संपतो. या वाक्यात खोटं काहीच नाही. तरीही ते ऐकून घरी गेलेल्या सभासदाला संस्थेकडे पैसा आहे की नाही, हे कळलेलं नसतं.

हिशेब समजावा म्हणून 40 फ्लॅटची एक संस्था धरू. महिन्याला 1,500 रुपये, म्हणजे फ्लॅटमागे वर्षाचे 18,000. पूर्ण वर्षाची मागणी झाली 7,20,000 रुपये. यातल्या 31 जणांनी वर्षभराचे पैसे चुकते केले. पाच जणांनी सहा महिन्यांचे, म्हणजे प्रत्येकी 9,000 भरले. चौघांनी एक रुपयाही दिला नाही. आता ‘किती जणांनी भरलं’ या प्रश्नाला दोन उत्तरं निघतात. काही ना काही भरलेले 36, म्हणजे 90 टक्के. पूर्ण भरलेले 31, म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के. सभेला पहिलं उत्तर मिळतं, कारण ते दिसायला चांगलं दिसतं. मोजणी फ्लॅटवार करावी, हेही खरं. एकाच सभासदाचे दोन फ्लॅट असतील तर माणसं मोजून मागणीचा आकडा जुळत नाही.

रकमेचा गोंधळ याहून मोठा आहे. 31 जणांचे 5,58,000 आणि पाच जणांचे 45,000 मिळून या वर्षाच्या मागणीपैकी 6,03,000 आले. मग 6,92,000 कुठून आले? यात 62,000 ही मागच्या वर्षांची थकबाकी आहे, ती यंदा वसूल झाली. आणखी 27,000 तिघांनी पुढच्या सहा महिन्यांचे आगाऊ भरलेले आहेत. म्हणजे 7,20,000 पैकी 6,92,000, सुमारे 96 टक्के, असं सांगणं चूक ठरतं. यंदाची खरी वसुली 6,03,000, जेमतेम 84 टक्के. उरलेले 1,17,000 अजून येणे आहेत.

आणि जे आले, ते सगळे खर्चायचे नव्हेत. इथेच सभासदांची सर्वांत जास्त फसगत होते. आदर्श उपविधींनुसार प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जायचा असतो. फ्लॅटचा बांधकाम खर्च, जमिनीची किंमत सोडून, 8 लाख धरला तर सिंकिंग फंडाचे 2,000 आणि दुरुस्तीचे 6,000. म्हणजे 18,000 पैकी 8,000 निधीचे आणि फक्त 10,000 चालू खर्चाचे : रखवालदार, सफाई, जिन्यातले दिवे, मोटारीचं वीजबिल आणि पाणी. जालन्यात या शेवटच्या शब्दावर वर्षाचं गणित अडतं. शहराला पाणी घाणेवाडी तलावाचं आणि जायकवाडीचं. पण नळाला पाणी रोज नसतं, बोअर उन्हाळ्यात आटतात आणि टँकर सुरू होतात. टँकरवाला पैसे रोख आणि लगेच मागतो. थकबाकीदाराकडून पुढे कधीतरी येणाऱ्या पैशाची तो वाट पाहत नाही.

आपल्या संस्थेत चालू खर्चाचा अंदाज 4,00,000 होता, टँकरमुळे तो 4,10,000 झाला. मोठी दुरुस्ती यंदा निघाली नाही. जमा 6,92,000, खर्च 4,10,000. बँकेत वर्षाचे 2,82,000 उरलेले दिसतात. कोणी तरी लगेच म्हणतं, ‘एवढे शिल्लक आहेत तर पार्किंगमध्ये फरशी टाकून घ्या.’ पण जमलेल्या 6,03,000 मधला निधींचा वाटा 2,68,000 आहे. आगाऊचे 27,000 पुढच्या वर्षाचे आहेत. दोन्ही मिळून 2,95,000 राखून ठेवायला हवेत आणि हातात आहेत 2,82,000. शिल्लक तर नाहीच, उलट 13,000 कमी पडतात; म्हणजे एवढ्या रकमेचे टँकर निधीच्या पैशांतून आले. थकीत 1,17,000 मध्ये निधींचे आणखी 52,000 अडकले आहेत, ते वेगळेच. जुनी 62,000 वसूल झाली नसती, तर खड्डा याहून खोल दिसला असता. आणि ती वसुली दरवर्षी होत नाही.

खजिनदाराचा आकडा बरोबर आहे का, हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. एक, 31 मार्चचं बँक ताळमेळ पत्रक. शेवटच्या दिवशी आलेला चेक पावतीपुस्तकात असतो, पण बँकेत एप्रिलमध्ये वटतो. यूपीआयने आलेल्या पैशांत फ्लॅट नंबर लिहिलेला नसेल तर ते कोणाच्याच नावे जमा होत नाहीत, आणि भरणारा सभासद यादीत थकबाकीदार म्हणून उभा राहतो. दुसरी खूण म्हणजे ताळेबंदातली ‘सभासदांकडून येणे’ ही ओळ. ती मागच्या वर्षापेक्षा वाढली असेल, तर जमेचा आकडा कितीही मोठा असो, वसुली मागे पडली आहे. तीन महिन्यांची थकबाकी आणि तीन वर्षांची थकबाकी वेगळी दाखवायला सांगा, कारण पहिली बहुतेक वेळा विसरण्यातून येते आणि दुसरी वादातून.

मग भाषण कसं असावं? एवढंच पुरे :

‘सभासद बंधू-भगिनींनो, यंदाची मागणी 7 लाख 20 हजार होती. 31 फ्लॅटनी पूर्ण भरलं, 5 फ्लॅटनी अर्धं, 4 फ्लॅटकडून काहीच आलं नाही. या वर्षाचे 6 लाख 3 हजार आले, जुन्या थकबाकीचे 62 हजार आणि आगाऊ 27 हजार. खर्च 4 लाख 10 हजार झाला. बँकेत दिसणाऱ्या 2 लाख 82 हजारांना हात लावता येणार नाही, कारण त्यापेक्षा जास्त रक्कम निधींची आणि पुढच्या वर्षाची आहे. येणे 1 लाख 17 हजार. ते आले तरच पुढच्या उन्हाळ्याचे टँकर निधीला हात न लावता येतील.’

यात एकाचंही नाव नाही, ते योग्यच आहे. माईकवरून नाव घेतलं की सभा हिशेबावरून भांडणावर जाते. वसुलीचा रस्ता वेगळा आहे. थकबाकीवर सर्वसाधारण सभा ठरवेल त्या दराने, पण वर्षाला 21 टक्क्यांच्या वर नाही, असं सरळ व्याज लावता येतं. चक्रवाढ व्याज लावलं तर तो हिशेब तक्रारीत टिकत नाही. तरीही पैसे आले नाहीत तर मागणीची नोटीस, समितीचा ठराव आणि खातेउतारा घेऊन निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करायचा. 2019च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी ही तरतूद कलम 154 ब-29 मध्ये आहे, आणि दाखला मिळाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.

सभेची नोटीस किमान 14 दिवस आधी हातात पडते. तिच्यासोबतचे हिशेब वाचा आणि सभेत खजिनदारांना एवढंच विचारा : जमा झालेल्या रकमेपैकी या वर्षाची किती, जुनी किती, आगाऊ किती, आणि निधीच्या खात्यात त्यातली किती गेली? चारही उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.