आठ पेन्सांचा दिवस

आपण ज्या काडेपेटीने गॅस पेटवतो तिचा शोध स्वीडनमध्ये लागला. 1844 साली गुस्ताफ एरिक पाश या रसायनशास्त्रज्ञाने तिचं पेटंट घेतलं आणि येनशेपिंग गावच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी ती बाजारात चालेल अशी केली. लंडनच्या ब्रायंट अँड मे कंपनीने त्यांच्याकडून ब्रिटनपुरते हक्क घेतले 1855 मध्ये, आणि सहा वर्षांनी बो या भागात कारखाना उभा केला. या काडीला विषारी फॉस्फरस लागत नाही. तरीही 1888 च्या उन्हाळ्यात त्याच कारखान्यात मुली विषारी फॉस्फरसच्या काड्या भरत होत्या. त्यांचा दिवस कसा जात होता हे कळतं ते अ‍ॅनी बेझंट यांच्यामुळे. पुढे होमरूल चळवळीत टिळकांच्या बरोबरीने ज्यांचं नाव घेतलं गेलं, त्याच या बेझंटबाई. त्यांनी कामगार मुलींना गाठून विचारपूस केली आणि 23 जून 1888 च्या आपल्या ‘द लिंक’ या पत्रात सगळं छापलं. खालचा दिवस मुख्यतः त्या लेखातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीचा आहे.

सकाळी 6.30

उन्हाळ्यात काम साडेसहाला सुरू, हिवाळ्यात आठला. उशीर झाला की दार बंद. मग सकाळचं सगळं काम बुडतं आणि दिवसाच्या आठ पेन्सांतले पाच कापले जातात. मजुरी आठवड्याला चार शिलिंग. शिलिंगचे पेन्स बारा, म्हणजे अठ्ठेचाळीस पेन्स, सहा दिवसांना भागले की रोजचे आठ. पाच गेले तर उरले तीन. अर्धा दिवस गेला म्हणून अर्धी मजुरी, हा हिशेब इथे चालत नाही.

काम उभ्यानेच करायचं. काड्या तयार होतात दुप्पट लांबीच्या. त्या चौकटीत बसवून दोन्ही टोकं मसाल्यात बुडवतात, वाळवतात, मग मधोमध कापून पेट्या भरतात. बुडवायचं काम बहुतेक पुरुषांकडे, कापण्या-भरण्याचं मुलींकडे.

न्याहारीचा अर्धा तास

पाव, लोणी, चहा. दुपारीही तेच. ही मुलगी बहिणीबरोबर एका खोलीत राहते आणि खोलीचं भाडंच दोन शिलिंग. महिन्यातून एकदा एका ठिकाणी कॉफी आणि पावाबरोबर जॅम, मार्मलेडही पोटभर मिळतं, हे सांगताना तिचे डोळे चमकले, असं बेझंटबाई लिहितात.

मुली खातात ते कामाच्याच जागी, म्हणजे हवेत फॉस्फरसची वाफ आणि पावाला लागलेली बोटं त्याच मसाल्याची. पांढऱ्या फॉस्फरसचा मारा जबड्यावर होतो. आधी दात दुखतो, मग गाल सुजतो, गळू होतं, आणि हाड आतून कुजायला लागतं. दुर्गंधी इतकी की घरातली माणसंही जवळ बसत नाहीत. शेवटचा उपाय जबड्याचं हाड कापून काढणं. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी या रोगाची नोंद 1845 मध्येच केली होती, त्यामुळे 1888 साली तो कुणाला नवा नव्हता. दात किडका असेल तर धोका जास्त, म्हणून दातदुखीची तक्रार करायची मुलींना भीती वाटे. दात काढून घे नाहीतर काम सोड, एवढीच निवड समोर असायची.

दुपारच्या आत

कापताना, भरताना मधूनच एखादी काडी पेटते. पांढऱ्या फॉस्फरसची काडी कशावरही घासली की पेटते, मग ती दुसऱ्या काडीवर का घासली जाईना. गिऱ्हाइकाला ती आवडायची ती याच गुणामुळे. भिंतीवर ओढा, बुटाच्या तळाला ओढा, पेटी जवळ नसली तरी अडत नाही. पण जळकी काडी बाकावर ठेवली म्हणून एका मुलीला एक शिलिंग दंड झाला, म्हणजे दीड दिवसाची मजुरी. पाय मळके दिसले किंवा बाकाखाली पसारा राहिला तर तीन पेन्स. एकीने बोटं कापू नयेत म्हणून हात मागे घेतला आणि यंत्रात गुंता झाला. तिलाही शिलिंगभर दंड, वर यंत्र सांभाळायची ताकीद.

जेवणाचा तास

इथे जरा थांबून आपल्या काडेपेटीकडे बघायला हवं. पेटीच्या कडेची तपकिरी पट्टी म्हणजे लाल फॉस्फरस आणि काचेची भुकटी, डिंकासारख्या चिकट पदार्थात बसवलेली. काडीच्या गुलात फॉस्फरस नसतोच. त्यात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक असतं. काडी पट्टीवर ओढली की लाल फॉस्फरसचा अगदी बारीक कण सुटतो, क्लोरेटला भिडतो आणि घासण्याच्या उष्णतेने पेट घेतो. म्हणून ही काडी भिंतीवर ओढली तर नुसती खरवडते. पट्टी झिजली किंवा ओली झाली की तिचंही तेच, हा अनुभव पावसाळ्यात आपल्या सगळ्यांना आहे. दोन पदार्थ वेगवेगळ्या जागी ठेवायचे आणि वापरणाऱ्याच्या हातानेच त्यांची गाठ घालायची, एवढीच पाशची युक्ती.

लाल फॉस्फरस पांढऱ्यापासूनच होतो. हवा लागू न देता पांढरा सुमारे अडीचशे अंश सेल्सियसपर्यंत तापवून ठेवावा लागतो. मग त्याची वाफ होत नाही आणि जबडाही कुजत नाही. पण हे तापवण्याचं काम महाग पडतं. शिवाय पेटी हरवली की काड्या निकामी, हे गिऱ्हाइकाला पटेना. म्हणून कंपनी दोन्ही प्रकार बनवत राहिली. मला यातली खरी विचित्र गोष्ट ही वाटते की वापरणाऱ्याचं घर जळू नये म्हणून शोधलेली काडी बनवणाऱ्यांचेही जीव वाचवू शकत होती, पण त्या कारणासाठी ती कुणी विकत घेत नव्हतं.

संध्याकाळी 6

सुट्टी. मधला दीड तास सोडला तर दहा तास उभं राहून आठ पेन्स. पेट्या बनवायचं काम तर बहुतेक घरोघरीच चाले. 144 पेट्यांना सव्वादोन पेन्स, आणि खळ नि दोरा ज्याचा त्याने आणायचा.

त्यानंतर

लेख छापून आल्यावर व्यवस्थापनाने मुलींपुढे कागद ठेवला: आम्ही समाधानी आहोत, लेख खोटा आहे. त्यांनी सही केली नाही. जुलैच्या सुरुवातीला एका मुलीला कामावरून काढलं आणि सुमारे 1400 जणी बाहेर पडल्या. दोन आठवड्यांच्या आत तडजोड झाली, दंड गेले, आणि जेवायला वेगळी खोली मिळाली. मसाला मात्र तोच राहिला. 1898 मध्ये जबड्याच्या रोगाच्या केसेस कळवल्या नाहीत म्हणून याच कंपनीला दंड झाला.

साल्व्हेशन आर्मीने 1891 मध्ये लंडनमध्येच लाल फॉस्फरसच्या काड्यांचा कारखाना काढला. मजुरी चांगली दिली, पण काडी महाग पडली आणि तो दहाएक वर्षांत बंद झाला. अडचण सुटली ती अखेर कायद्याने. फिनलंडने 1872 मध्ये आणि डेन्मार्कने 1874 मध्ये पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घातली होती. 1906 च्या बर्न करारानंतर ब्रिटनने 1908 मध्ये कायदा केला आणि तो 1910 च्या अखेरपर्यंत लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा 1913 मध्ये आला. अंबरनाथला स्वीडिश भांडवलाने विमकोचा कारखाना उभा राहिला तो 1920 च्या दशकात, आणि तिथे पेटीच्या पट्टीवर ओढायच्याच काड्या बनत.