आकडा कुठून आला?

समजा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा व्हायवा चालू आहे. चौघांचा गट. मातीतला ओलावा सेन्सरने मोजायचा आणि माती कोरडी पडली की पंप आपोआप सुरू करायचा, असा प्रकल्प. स्लाइड्स वाटून घेतलेल्या, बोलणं पाठ केलेलं. यावरून कोण चांगलं बोलतं ते कळतं. कुणी काय केलं ते नाही.

‘कुणी किती काम केलं?’ असं थेट विचारूनही भागत नाही. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला होता. बहुतेक जोडप्यांची बेरीज पूर्ण कामाच्या वर गेली. त्यासाठी कुणी खोटं बोलावं लागत नाही. स्वतःचे कष्ट चटकन आठवतात, दुसऱ्याचे तितके नाही.

म्हणून टक्केवारीऐवजी एखाद्या निर्णयाबद्दल विचारावं. ‘पंप कोणत्या आकड्याला सुरू होतो, आणि तो कसा ठरवला?’ आर्डुइनो उनो बोर्डावर सेन्सरचं वाचन ० ते १०२३ यांत येतं. नुसती स्लाइड पाठ केलेला ‘७००’ म्हणून थांबेल. ज्याने चाचणी घेतली तो सांगेल, की कुंडीतली माती उन्हात वाळवली, वाचन घेतलं, थोडं थोडं पाणी घालत पुन्हा घेतलं. पुढचा प्रश्न बिघाडाचा: ‘पंप सारखा चालू-बंद व्हायचा का?’ वाचन ७००च्या आसपास हललं की तसं होतंच. हा त्रास भोगलेली मुलगी दोन मर्यादा ठेवल्याचं सांगेल: ७००च्या वर सुरू, ५००च्या खाली बंद.

अहवाल लिहिणाऱ्यालाही याच तोलाचा प्रश्न मिळायला हवा: ‘कोणती वाचनं गाळली, आणि का?’ नाहीतर प्रोग्रॅम लिहिणारा तेवढा कामाचा ठरतो आणि सुटे भाग आणणारा, नोंदी ठेवणारा अदृश्य राहतो. त्यांच्यासाठी सर्वांना एक प्रश्न विचारावा: ‘तुझं काम कुठे अडलं होतं, आणि ते कुणामुळे सुटलं?’ तिघांच्या उत्तरांत एकाच अबोल मुलाचं नाव आलं, तर परीक्षकाने ते टिपून ठेवावं. मात्र तेवढ्यावर गुण देऊ नयेत. मैत्रीतूनही नावं घेतली जातात. त्या मुलालाच त्या अडचणीचा तपशील विचारावा.

उत्तर आलं नाही म्हणजे काम केलं नाही, असं लगेच धरणं अन्यायाचं आहे. कित्येकांची अडचण इंग्रजीची असते. मराठीत सांगायची मुभा द्यावी. तरीही जमलं नाही तर सर्किट हातात देऊन ‘सेन्सरची वायर काढ, काय होतं ते दाखव’ म्हणावं. हात बोलतात तेव्हा जीभ मोकळी होते. असे प्रश्न प्रत्येकाला येणार, हे आठवडाभर आधी सांगितलेलं बरं. आणि शंका उरलीच, तर ‘तू काहीच केलं नाहीस ना?’ हे चारचौघांत विचारू नये. सादरीकरण संपल्यावर त्या विद्यार्थ्याला एकट्याला बोलवावं आणि त्याच्या वहीतल्या नोंदी त्याच्याबरोबर बसून पाहाव्यात.