सुट्टी त्यांची, अर्ज तिचा

जवानाच्या रजेच्या तारखा त्याचं युनिट ठरवतं. त्यामुळे सरकारी कचेरीत लिपिक असलेल्या पत्नीच्या रजेच्या अर्जात सर्वांत महत्त्वाच्या त्या तारखाच. समजा, पती पठाणकोटला आहे आणि त्याला 8 ते 17 जानेवारी अशी रजा मिळाली. जाण्यायेण्यात दोन-दोन दिवस गेले, की घरी उरतात 10 ते 15. मग अर्ज असा लिहावा:

‘माझे पती सैन्यदलात असून प्रवास वगळता ते 10 ते 15 जानेवारी घरी असतील. या तारखा त्यांना बदलता येत नाहीत. तरी सहा दिवसांची अर्जित रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.’

पतीच्या रजा प्रमाणपत्राची प्रत जोडावी. आपलं काम कोण पाहील, तेही लिहावं. साहेबांचा पहिला प्रश्न तोच असतो. रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, कामाची निकड असेल तर ती नाकारली जाते. म्हणून काही जणी आजारपणाचं कारण लिहितात. तसं करू नये. खरं कारणच अधिक भक्कम आहे. आणि अधिकाऱ्यांनो, असा अर्ज आला तर त्याच दिवशी निकाली काढा.