बारा नाणी, तीन तोलण्या

तुमच्यासमोर १२ नाणी आहेत, दिसायला अगदी सारखी. त्यांपैकी एक खोटे आहे. म्हणजे त्याचे वजन बाकीच्यांपेक्षा किंचित कमी किंवा किंचित जास्त आहे. नक्की काय, ते माहीत नाही. हाताशी दोन पारड्यांचा साधा तराजू आहे, वजने नाहीत. फक्त तीनदा तोलून खोटे नाणे ओळखायचे आणि ते जड आहे की हलके, हेही सांगायचे. हे कोडे गेल्या शतकात १९४५च्या सुमारास गणिताच्या नियतकालिकांतून गाजले, आणि पुढे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ झालेल्या फ्रीमन डायसन यांनी १९४६ साली त्यावर लेखही लिहिला.

बहुतेक जण पहिल्यांदा सहा-सहा नाणी दोन्ही पारड्यांत टाकतात, आणि तिथेच घोडे अडते. खोटे नाणे कुठल्या तरी पारड्यात असणारच, म्हणजे तराजू झुकणारच. पारडी समतोल राहणे हेसुद्धा एक उत्तर असते, आणि ते मिळण्याची वाटच आपण बंद केलेली असते.

हिशेब नाण्यांचा न करता संशयांचा करावा. प्रत्येक नाण्यावर दोन संशय आहेत: ते जड असेल किंवा हलके असेल. बारा नाण्यांचे २४ संशय झाले. एका तोलणीची उत्तरे तीनच: डावे पारडे खाली, उजवे खाली किंवा दोन्ही समान. म्हणून शेवटच्या तोलणीआधी जास्तीत जास्त ३ संशय उरलेले चालतील, आणि दुसऱ्या तोलणीआधी जास्तीत जास्त ९. सहा-सहा तोलली तर १२ उरतात. पाच-पाच तोलून तराजू झुकला तर १० उरतात. तीन-तीन तोलून पारडी समान राहिली, तर बाहेरच्या सहा नाण्यांचे १२ उरतात. चार-चार तोलली, तर मात्र काहीही झाले तरी ८च उरतात. सुरुवात अशीच करावी लागते.

नाण्यांना १ ते १२ क्रमांक देऊ. डावीकडे १, २, ३, ४ आणि उजवीकडे ५, ६, ७, ८.

पारडी समान राहिली तर ही आठही खरी. संशय आता ९ ते १२ वर. दुसऱ्यांदा ९, १०, ११ डावीकडे ठेवा आणि उजवीकडे कोणतीही तीन खरी नाणी. पुन्हा समान झाले, तर १२ क्रमांकाचे नाणे खोटे. एका खऱ्या नाण्याशी तोलले की ते जड की हलके हे कळेल. डावे पारडे खाली गेले, तर ९, १०, ११ पैकी एक जड आहे. ९ आणि १० एकमेकांविरुद्ध तोला: जे खाली जाईल ते खोटे, समान असतील तर ११. डावे वर गेले, तर याच रीतीने हलके नाणे शोधायचे.

कोड्याची खरी गंमत पहिल्याच वेळी तराजू झुकला तर येते. समजा, डावे पारडे खाली गेले. म्हणजे १ ते ४ पैकी एक जड आहे, किंवा ५ ते ८ पैकी एक हलके. प्रत्येकावर आता एकच संशय उरला, एकूण ८. इथे १, २ विरुद्ध ३, ४ तोलण्याचा मोह होतो. पण पारडी समान राहिली, तर ५ ते ८ चे चार संशय उरतात आणि उरलेल्या एका तोलणीत ते सुटत नाहीत. यातून सुटण्यासाठी नाण्यांची पारडी बदलावी लागतात. डावीकडे १, २, ५ आणि उजवीकडे ३, ४, ६ ठेवा. ७ आणि ८ बाहेर.

आता डावे पारडे खाली गेले, तर १ किंवा २ जड आहे, नाहीतर ६ हलके आहे. ५ सुटले, कारण ते हलके असते तर डावे पारडे वर गेले असते. ३ आणि ४ ही त्याच कारणाने सुटली. मग १ आणि २ तोला: जे खाली जाईल ते खोटे, समान असतील तर ६ हलके. उजवे खाली गेले, तर ३ किंवा ४ जड, नाहीतर ५ हलके. ३ आणि ४ तोलून तेही तसेच उलगडते. पारडी समान राहिली, तर ७ किंवा ८ हलके, आणि दोघांना एकमेकांविरुद्ध तोलले की झाले. तीन, तीन आणि दोन: आठही संशयांची वाट लागली. पहिल्या तोलणीत उजवे पारडे खाली गेले असते, तर फक्त ‘जड’ आणि ‘हलके’ यांची अदलाबदल करायची.

नाणी १३ असली तर? संशय २६, आणि तीन तोलण्यांची उत्तरे २७. वरवर पाहता जमायला हवे, पण जमत नाही. चार-चार तोलून समान झाले तर बाहेरच्या पाच नाण्यांचे १० संशय उरतात. पाच-पाच तोलून तराजू झुकला तरी १०. खोटे नाणे कोणते, एवढे तेव्हाही शोधता येते, मात्र ते जड की हलके हे दर वेळी सांगता येत नाही. एक खात्रीचे खरे नाणे वेगळे दिले, तर तेही जमते: पाच संशयित एका पारड्यात, चार संशयित आणि ते खरे नाणे दुसऱ्यात. झुकले तर ९ संशय, समान राहिले तर ८.