धान्याला कीड लागली: काय राखावं, काय टाकावं

पावसाळ्यात तांदळाचा डबा उघडला की काळपट-तपकिरी सोंडे भराभर वर चढताना दिसतात. मग तांदूळ ताटात पसरायचा, चाळायचा, निवडायचा आणि पुन्हा डब्यात भरायचा. तीन-चार आठवड्यांनी सोंडे परत हजर होतात. ते बाहेरून आले असं वाटतं. पण बहुतेक वेळा ते त्याच तांदळात, दाण्यांच्या पोटात होते.

सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि चिकट स्रावानं भोक बुजवून टाकते. दाणा बाहेरून धडका दिसतो. अळी आत वाढते, कोशही आतच करते आणि उबदार हवेत साधारण महिन्याभरात पूर्ण वाढलेला सोंडा दाणा पोखरून बाहेर पडतो. एक मादी आयुष्यात शे-दोनशे, कधी त्याहूनही जास्त अंडी घालते. चाळणीतून निघून जातात ते फक्त बाहेर आलेले सोंडे. म्हणून धान्य राखायचं की टाकायचं, हे किडे किती दिसतात यापेक्षा दाण्यांची आतून काय अवस्था आहे, यावर ठरवावं.

समजा, डब्यात पाच किलो कोलम आहे आणि वर दहा-बारा सोंडे दिसले. आधी वास घ्यावा. मग तळापासून मूठभर तांदूळ काढून पाण्यात टाकावा. पोखरलेले दाणे हलके होऊन तरंगतात. थोडेच दाणे वर आले आणि वास स्वच्छ असेल, तर तांदूळ नक्की राखावा. सोंडे चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि नीट धुऊन शिजवलेल्या भातात एखादा चुकून राहिला तरी सहसा अपाय होत नाही. पण मुठीतले बरेच दाणे तरंगले, तळाशी पिठासारखा भुगा साचला असेल, तर त्या तांदळात खाण्याजोगं फारसं उरलेलं नसतं. आणि कुबट वास, ओल किंवा बुरशी असेल, तर तांदूळ टाकूनच द्यावा. बुरशीचं विष शिजवूनही जात नाही, त्यामुळे असं धान्य गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नये.

राखायच्या तांदळातले सोंडे चाळून काढावेत आणि किलो-किलोच्या पिशव्या घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. उणे १८ अंशांना चार दिवस पुरतात. घरच्या फ्रीजचा फ्रीझर वारंवार उघडला जातो, म्हणून आठवडाभर ठेवणं बरं. त्यात दाण्यातली अंडी आणि अळ्याही मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. नाहीतर थंड दाण्यांवर दमट हवेचं पाणी धरतं. तांदूळ उन्हात घातला तर सोंडे पळून जातात, पण आतली पिल्लावळ बऱ्याचदा वाचते. शिवाय कडक उन्हानं दाणे तडकतात आणि शिजवताना त्यांची कणी होते.

मूग, मटकी, चवळी यांतला भुंगेरा ओळखायला सोपा असतो. त्याची अंडी सालीवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली दिसतात. फक्त ठिपके असतील, भोकं नसतील, तर कडधान्य लगेच फ्रीझरमध्ये घालावं. ते बरंचसं वाचतं. गोल भोक दिसलं, म्हणजे आतली डाळ खाऊन किडा बाहेर पडला. थोडे दाणे असे असतील तर ते पाण्यात तरंगवून काढता येतात. बहुतेकांना भोकं असतील तर ते कडधान्य टाकावं. सबंध कडधान्याला किलोला चमचाभर एरंडेल चोळण्याची जुनी पद्धत खरोखर उपयोगी आहे, कारण तेलाच्या थरानं अंड्यांना हवा मिळत नाही. तांदळाला बोरिक पावडर मात्र लावू नये. ती खाण्याची वस्तू नाही. गोदामात वापरायच्या विषारी वायूच्या गोळ्या तर घरात कधीच आणू नयेत. त्यांच्या वायूनं माणसं दगावली आहेत.

पिठाचा हिशेब वेगळा. कणकेतल्या तांबड्या किड्यांची अंडी चिकट असतात. त्यांना पीठ चिकटून ती पिठासारखीच दिसतात आणि बारीक चाळणीतूनही खाली येतात. किडे वाढले की त्यांच्या स्रावानं पिठाला उग्र वास येतो, कधी गुलाबीसर छटाही येते. पाखरांच्या अळ्या रेशमासारखे धागे सोडतात आणि त्यानं पीठ-रव्याच्या गुठळ्या होतात, जाळी धरते. त्या जाळीत विष्ठा आणि अळ्यांच्या कातीही अडकलेल्या असतात. पिठातून हे वेगळं काढता येत नाही, म्हणून वास किंवा जाळी आलेलं पीठ चाळत बसू नये, टाकावं.

पाखराची अळी कोश करायला बऱ्याचदा डब्याबाहेर पडते आणि झाकणाच्या आट्यांत, फळीच्या सांध्यांत जाऊन बसते. डबा धुऊन उन्हात कोरडा करावा आणि फळीचे कोपरेही पुसून घ्यावेत. पावसाळ्यात पीठ पंधरा दिवसांपुरतंच दळून आणावं आणि नवं धान्य जुन्यावर कधीच ओतू नये. तळाशी राहिलेले मूठभर किडके दाणे नव्या पाच किलोंना कीड लावायला पुरेसे असतात.