सर्वांत दूरची जोडी

नकाशावर काही ठिपके आहेत. त्यांतले एकमेकांपासून सर्वांत लांबचे दोन कोणते? प्रश्न पोरखेळाचा वाटतो, पण त्यावर काही वेळा बरेच अवलंबून असते. समजा, तानसा तलावाभोवतीच्या जंगलात पहाऱ्याच्या १२ चौक्या आहेत आणि प्रत्येकीला वॉकीटॉकी द्यायची आहे. संचाचा पल्ला साडेबारा किलोमीटर आहे. मग सर्वांत दूरच्या दोन चौक्यांना एकमेकींचा आवाज पोचेल का, एवढेच पाहायचे.

१२ चौक्यांच्या जोड्या होतात ६६. पट्टी घेऊन तेवढ्या मोजता येतील. पण ठिपके १०० झाले की जोड्या ४९५० होतात. म्हणून अनेक जण जवळचा रस्ता धरतात. कोणत्याही चौकीपासून सर्वांत दूरची शोधायची, तिथून पुन्हा सर्वांत दूरची, आणि तीच ती जोडी परत आली की थांबायचे. हा रस्ता फसवतो कसा, ते पाहू.

नकाशावर एक-एक किलोमीटरच्या चौकटी आखल्या आहेत असे धरा. चार चौक्या कडेला आहेत, बाकीच्या आठ त्यांच्या आत. पश्चिमेची ‘अ’ डाव्या कडेवर, तळापासून ६ चौकटी वर. पूर्वेची ‘ब’ तेवढ्याच उंचीवर, पण १२ चौकटी उजवीकडे. दक्षिणेची ‘क’ ७ चौकटी उजवीकडे, अगदी तळाशी. उत्तरेची ‘ड’ २ चौकटी उजवीकडे, १२ चौकटी वर. ‘अ’पासून सर्वांत दूर ‘ब’, अंतर १२. ‘ब’पासून सर्वांत दूर पुन्हा ‘अ’. इथे थांबलात तर संच पुरतील असे वाटेल. पण ‘क’ आणि ‘ड’ यांच्यात ५ चौकटी आडवे आणि १२ चौकटी उभे अंतर आहे, म्हणजे सरळ रेषेत १३ किलोमीटर. त्या दोघी एकमेकींना ऐकू येणार नाहीत.

खात्रीची रीत दोन पायऱ्यांची आहे. प्रत्येक ठिपक्यावर खिळा ठोकून सगळ्यांभोवती रबरबँड ताणून सोडला, तर तो फक्त कडेच्या खिळ्यांवर अडकेल. गणितात या आकृतीला बहिर्वक्र कवच म्हणतात. सर्वांत दूरची जोडी नेहमी या कवचाच्या कोपऱ्यांवरच असते. कारण एका ठिकाणी उभे राहून समोरच्या सरळ रेषेवरची अंतरे मोजली, तर सर्वांत मोठे अंतर रेषेच्या टोकालाच मिळते. त्यामुळे आतल्या आठ चौक्या बाद.

दुसरी पायरी कॅलिपरची. वर्कशॉपमध्ये नळीची जाडी मोजताना तिला दोन समांतर जबड्यांत धरतात, तसे कवचाला धरायचे. का? सर्वांत दूरच्या जोडीच्या दोन्ही टोकांवर त्या रेषेला काटकोनात रेघा काढा. एखादा ठिपका रेघेच्या पलीकडे असता, तर तो समोरच्या टोकापासून आणखी दूर ठरला असता. म्हणजे सारे ठिपके त्या दोन रेघांच्या आतच असतात आणि त्या रेघा म्हणजेच जबडे! म्हणून जबडे अर्धा फेरा फिरवले की खरी जोडी कधी ना कधी त्यांत सापडतेच.

आपल्या नकाशावर जबडे आडवे धरा. खालचा ‘क’ला, वरचा ‘ड’ला टेकतो. आता घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. सुमारे ५० अंशांवर खालचा जबडा ‘क–ब’ या बाजूवर सपाट बसतो आणि पुढे ‘ब’वर सरकतो, जोडी ‘ब–ड’. ७२ अंशांवर वरचा जबडा ‘अ’वर येतो, जोडी ‘अ–ब’. १३९ अंशांवर तो ‘क’वर जातो; जोडी ‘ब–क’. १४९ अंशांवर पुन्हा ‘क–ड’. वर्गमूळ न काढता अंतरांचे वर्गच ताडून पाहावेत: १६९, १३६, १४४, ६१. सर्वांत मोठा १६९, म्हणजे १३ किलोमीटर. ६६ ऐवजी ४ मोजण्या!

ही रीत मायकेल शेमॉस यांनी १९७८ साली येल विद्यापीठातल्या प्रबंधात मांडली. ‘फिरते कॅलिपर’ हे नाव गॉडफ्रीड तुसाँ यांनी १९८३ मध्ये दिले.

दोन ठिकाणी जपावे लागते. कवचाच्या दोन बाजू समांतर असल्या तर दोन्ही जबडे एकाच वेळी सपाट बसतात. तेव्हा त्या दोन बाजूंच्या टोकांच्या सगळ्या आडव्या जोड्या मोजाव्यात, नाहीतर नेमकी हवी ती निसटते. दुसरे, जीपीएसचे अक्षांश-रेखांश तसेच वापरू नयेत. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५. आधी किलोमीटर करून घेतले नाहीत, तर पूर्व-पश्चिम अंतरे फुगतात.

आणि कॅलिपर सांगतो ते सरळ रेषेतले अंतर. मध्ये माहुलीसारखा डोंगर आला तर पल्ल्यातल्या चौक्याही मुक्या होतील. अंतर पल्ल्याबाहेर असेल तर संच पुरणार नाही हे नक्की. पल्ल्यात असेल तर मात्र प्रत्यक्ष बोलूनच पाहावे.