दोन वाटा आणि तेरावा पत्ता

टॅरो म्हटलं की पत्ते पिसायचे, त्यातले तीन उचलायचे आणि नोकरी मिळेल का, लग्न जमेल का ते समोरच्याकडून ऐकायचं, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. याच पत्त्यांचा आणखी एक उपयोग आहे आणि त्यात पत्ते पिसतच नाहीत. सगळे उघडे मांडायचे आणि त्यात आपण कुठे उभे आहोत ते स्वतः शोधायचं. नोकरी सोडू की धरून ठेवू, इथेच राहू की गाव बदलू, अशा प्रश्नापाशी येऊन माणूस अडकला असेल, तर भविष्य विचारण्यापेक्षा हा उपयोग मला कितीतरी मोलाचा वाटतो.

टॅरोच्या कॅटात ७८ पत्ते असतात. त्यातले ५६ आपल्या इस्पिक-बदामसारखे चार गटांत वाटलेले. उरलेल्या २२ चित्रांना ‘मेजर अर्काना’ म्हणतात. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा कॅट तयार झाला तो खेळायला, आणि त्या खेळात ही चित्रं म्हणजे कायमचे हुकूम होते. त्यात एकच पत्ता वेगळा होता, ‘द फूल’, म्हणजे वेडा. उतारी कशाचीही असो, हा पत्ता केव्हाही टाकता यायचा. तो हात जिंकत नसे, पण सहसा ज्याचा त्याच्याकडेच परत जात असे. या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याची टूम बरीच नंतरची, अठराव्या शतकातल्या फ्रान्समधली. त्यांचं मूळ प्राचीन इजिप्तमध्ये असल्याचा दावाही तिथलाच, १७८१चा, आणि त्याला पुरावा नाही.

‘द फूल’चा प्रवास ही कल्पना तर अगदी अलीकडची. न्यूयॉर्कमध्ये टॅरो शिकवणाऱ्या ईडन ग्रे यांच्या १९६० आणि १९७०च्या पुस्तकांतून ती पसरली. शून्य क्रमांकाचा हा वेडा एकेका पत्त्याला भेटत जातो. आधी जादूगार, मग देवळातली मौन पुजारीण, आईसारखी सम्राज्ञी, बापासारखा सम्राट, आणि अशा भेटी घेत तो एकविसाव्या पत्त्यावरच्या ‘द वर्ल्ड’पर्यंत पोचतो. पुढे १९८०मध्ये रेचल पोलॅक यांनी आपल्या पुस्तकात फूलला बाजूला ठेवून बाकीचे २१ पत्ते सात-सातच्या तीन ओळींत मांडून दाखवले. पहिली ओळ बाहेरच्या जगाची, दुसरी आत वळण्याची, तिसरी माणसापेक्षा मोठ्या शक्तींची. माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद या मांडणीत आहे, कारण तीन ओळी झाल्या की आपोआप सात उभे रकाने तयार होतात. पहिल्या ओळीतल्या प्रत्येक पत्त्याखाली सात जास्त आकड्याचा पत्ता येतो आणि त्याच्याखाली आणखी सात जास्तीचा.

दोन वाटांपाशी अडलेल्या माणसाला यातला सहावा रकाना सगळ्यात उपयोगी पडतो. सर्वांत वर सहावा पत्ता, ‘द लव्हर्स’. आज सर्वाधिक वापरात असलेला कॅट १९०९मध्ये लंडनमध्ये निघाला. आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ यांनी तो चितारला. त्यात या पत्त्यावर एक पुरुष, एक स्त्री आणि वर देवदूत आहे. पण जुन्या फ्रेंच धाटणीच्या पत्त्यावर एक तरुण दोन बायकांच्या मध्ये उभा दिसतो आणि डोक्यावर मदन बाण ताणून असतो. म्हणजे हा पत्ता निवडीचा. त्याच्याखाली येतो तेरावा, ‘डेथ’. आणि त्याखाली विसावा, ‘जजमेंट’. त्यात देवदूत तुतारी फुंकतो आहे आणि शवपेट्यांमधून माणसं हात पसरून उठताहेत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, ठाण्यातल्या एका औषध कंपनीच्या हिशेब विभागात अठरा वर्षं काम केलेल्या एक बाई आहेत, वय चव्वेचाळीस. कंपनी ठाण्याचं ऑफिस बंद करून हैदराबादला चालली आहे. त्याच हुद्द्यावर तिकडे जायचं, नाहीतर नुकसानभरपाई घेऊन इथेच दुसरी नोकरी शोधायची. मुलगा पुढच्या वर्षी दहावीला, घरी सासूबाई. दोन महिने बाई वहीत फायदे-तोटे लिहिताहेत. कधी हैदराबादचं पारडं जड होतं, कधी ठाण्याचं, आणि रोज सकाळी हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

त्या पत्ते मांडतात. अर्थाचं पुस्तक बंद ठेवायचं आणि फक्त चित्रं पाहायची, हा नियम. आपण कुठे आहोत, असं स्वतःला विचारल्यावर त्यांचं बोट सहजच ‘लव्हर्स’वर जातं, कारण समोर दोन वाटा आहेत. फूलचा पत्ता त्या तिथे ठेवतात. मग नजर खाली तेराव्यावर येते आणि बहुतेक माणसं इथेच दचकतात. मृत्यूचा पत्ता म्हणजे कुणाच्या तरी मरणाची सूचना, ही समजूत सोडून चित्राकडे नीट पाहिलं पाहिजे.

काळं चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसून येतो आहे. त्याच्या वाटेत चौघं आहेत. राजा आडवा पडला आहे, मुकुट खाली गेला आहे. पिवळ्या झग्यातला धर्मगुरू हात जोडून समोर उभा आहे. एक तरुणी गुडघे टेकून बसली आहे, पण तिने तोंड फिरवलं आहे. आणि एक लहान मूल सरळ वर पाहतं आहे. मागे दोन बुरुजांच्या मधे सूर्य आहे. तो उगवतोय की मावळतोय, ते चित्र सांगत नाही. इथे विचारायचा प्रश्न असा: जे संपत आलं आहे, त्याच्यासमोर या चौघांपैकी मी कोण?

बाई म्हणतात, मी ती तरुणी, मला बघवत नाहीये. पण नुसतं वाटणं पुरेसं नाही. गेल्या महिन्यात आपण प्रत्यक्ष काय केलं, त्यावर हे उत्तर तपासून घ्यायचं. तेव्हा लक्षात येतं की दर आठवड्याला त्या एचआरमधल्या ओळखीच्या माणसाला फोन करतात आणि स्थलांतर पुढे ढकललं जाणार का, ते विचारतात. ही तोंड फिरवलेली तरुणी नव्हे. हा हात जोडून विनवणारा धर्मगुरू आहे. आणि मग वहीतला घोळ उलगडतो. पानावर दोन रकाने होते, तरी मनात तिसरा पर्याय जिवंत होता: सगळं होतं तसंच राहील. हैदराबाद काय आणि ठाण्यातली नवी नोकरी काय, दोन्हींची तुलना त्या तिसऱ्याशी होत होती, म्हणून दोन्ही हरत होत्या. अठरा वर्षांचं ते ऑफिस दोन्ही वाटांवर नाही. निवडीखाली मृत्यूचा पत्ता येतो, तो मला इतका नेमका वाटतो तो यासाठीच.

फूलचा पत्ता सहावरून उचलून तेरावर ठेवला की शेजारचे पत्ते बोलू लागतात. डावीकडे बारावा, ‘हँग्ड मॅन’, एका पायाने उलटा टांगलेला. त्याचा चेहरा मात्र शांत आहे आणि डोक्याभोवती तेजोवलय. आधी विचारायचं: मला बांधून ठेवणारी दोरी नेमकी कोणती? बाईंच्या बाबतीत ती दहावीची परीक्षा आहे. ती तारीख हलणार नाही, घाई करून काही मिळणार नाही. उजवीकडे चौदावा, ‘टेंपरन्स’. देवदूताचा एक पाय पाण्यात, एक जमिनीवर आणि तो एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओततो आहे. आता प्रश्न ‘हे की ते’ राहत नाही, तो ‘किती आणि कधी’ असा होतो. परीक्षेनंतर रुजू होता येईल का? पहिले काही महिने आठवड्यातले दोन दिवस ठाण्यातून काम चालेल का? कर कापून नुकसानभरपाईतले हातात किती येतील आणि त्यावर घर किती महिने चालेल? हे प्रश्न आधीच्या वहीत नव्हते, कारण त्या वहीत दोन पूर्ण भरलेले पेले होते आणि त्यातला एक उचलायचा होता.

रकान्याच्या तळाशी ‘जजमेंट’ उरतो. तुतारी वाजली की मी कशासाठी उठेन? बाई लिहितात, ऑडिटच्या दिवसांत नव्या मुलांना शिकवायला बसते तेव्हा. पगार, भाडं, शाळा, प्रवास हे सगळं वहीत होतं, ही गोष्ट कुठेच नव्हती. तिकडच्या टीममध्ये नवखे किती आहेत, हे आता विचारता येईल. इथे राहिलं तर अकाउंट्सच्या क्लासमध्ये शिकवण्याचीही चौकशी करता येईल.

यात चुकायला जागा पुष्कळ आहेत. सगळ्यात जास्त दिसते ती आवडता पत्ता निवडण्याची. कंदील घेतलेला ‘हर्मिट’ किंवा चांदणीखाली पाणी ओतणारी ‘स्टार’ व्हायला कुणालाही आवडतं. निवडलेल्या पत्त्याला गेल्या महिन्यातल्या आपल्या एखाद्या कृतीचा आधार देता आला नाही, तर तो पत्ता आपला नव्हे. दुसरी चूक क्रमाला वेळापत्रक समजण्याची. कोसळणाऱ्या ‘टॉवर’नंतर ‘स्टार’ आहे, म्हणून आपलंही लवकरच सुरळीत होईल, असं त्यातून निघत नाही. जुन्या इटलीत शहरागणिक हा क्रम थोडा वेगळा होता आणि वेट यांनीही आठवा व अकरावा पत्ता आपसांत बदलले. हा क्रम विचार करण्याची सोय आहे, त्यामागे निसर्गाचा नियम नाही.

तिसरी चूक मला धोक्याची वाटते. पंधराव्या, ‘डेव्हिल’ पत्त्यावर स्त्री-पुरुषाच्या गळ्यात साखळ्या आहेत, पण त्या सैल आहेत, मनात आणलं तर काढता येतील इतक्या. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईपुढे हा पत्ता ठेवून ‘बघ, साखळी सैल आहे’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. तिच्या हातात पैसे आहेत का, मुलं कुठे आहेत, बाहेर पडली तर जीवाला धोका किती, यातलं काहीही त्या चित्राला माहीत नाही. तिथे वकील, पोलीस, आश्रय देणारी संस्था हवी. कित्येक आठवडे झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरकडे जायचं. आणि कर्ज, कोर्ट, शस्त्रक्रिया यांचे निर्णय त्या त्या जाणकाराशी बोलूनच घ्यायचे.

पत्ते एकदा मांडून झाले की त्याच दिवशी पुन्हा मांडू नयेत. मनासारखं दिसेपर्यंत मांडत राहण्याचा मोह फार असतो. बाकीचे २१ पत्ते पेटीत ठेवायचे, फूल कुठून उचलून कुठे ठेवला आणि कोणत्या कृतीवरून, ते तारखेसह लिहून ठेवायचं आणि प्रश्नांचा कागद घेऊन कंपनीशी आणि घरातल्यांशी बोलायला जायचं. पंधरा दिवसांनी तीच मांडणी पुन्हा करून बघावी. बाईंचे एचआरला जाणारे फोन थांबले असतील, तर फूल तेरावरून पुढे सरकवायला हरकत नाही. अजून चालू असतील, तर तो तिथेच ठेवायचा आणि तसं लिहायचं.